मुदत संपलेला माल जाणूनबुजून विकला, आता गिऱ्हाइकांना माफीपत्र कसं लिहायचं?

फळीवरच्या ढिगात एखादं जुनं पाकीट राहून जातं आणि चुकून विकलं जातं. तेव्हा पाकीट बदलून द्यायचं, गिऱ्हाइकाची माफी मागायची आणि पुढच्या कामाला लागायचं. त्याला पत्र लागत नाही. हा लेख दुसऱ्या प्रकारासाठी आहे. तारीख उलटून गेली हे दुकानदाराला ठाऊक होतं, तरी त्याने माल विकला, आणि आता त्याला गिऱ्हाइकांना तोंड द्यायचं आहे. असं पत्र पहिल्यांदाच लिहिणाऱ्या किराणा दुकानदारासाठी, किंवा वडिलांच्या वतीने ते लिहायला बसलेल्या मुलामुलींसाठी, हे लिहितो आहे.

एक प्रकरण धरून चालू. दुकान काल्पनिक आहे, पण यातली एकही युक्ती बाजाराला नवी नाही. तालुक्याच्या गावातलं किराणा दुकान. दिवाळीसाठी दुकानदाराने होलसेलमधून बेसनाची अर्ध्या किलोची १२० पाकिटं रोखीने उचलली. पाकिटांवर ३१ ऑक्टोबरची मुदत होती, म्हणूनच भाव कमी होता. एजन्सीच्या गाडीवरून घेतलेला माल असता, तर सेल्समनच्या मागे लागून एक्सपायरी परत देता आली असती, क्रेडिट नोट मिळाली असती. होलसेलचा रोखीचा माल कोण परत घेणार? दिवाळी झाली, पाकिटं उरली. ५ नोव्हेंबरला त्याने उरलेल्या ६० पाकिटांच्या, दोन-दोन टेपने बांधून, ३० जोड्या केल्या, बरोबर तारखेवर ‘एकावर एक मोफत’ असा स्टिकर लावला आणि जोडी ६० रुपयांना विकायला ठेवली. त्याच फळीवर बाळांच्या सीरियलचे चार डबे होते, मुदत सप्टेंबरअखेर संपलेली. त्यांच्या तारखेवर किमतीची चिठ्ठी आली. २२ नोव्हेंबरला एका बाईंनी घरी स्टिकर नखाने खरवडला आणि पाकिटाचा फोटो गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला.

पहिली पायरी: पत्र नंतर, सूचना आज

बहुतेक जण इथेच अडकतात. पत्र चांगलं लिहायचं म्हणून दोन-तीन दिवस विचार करतात, आणि तेवढ्या दिवसांत तेच बेसन कोणाच्या तरी पिठल्यात जातं. माल परत मागवण्याची सूचना आणि माफीपत्र हे दोन वेगळे कागद आहेत. सूचनेत माफी नसली तरी चालेल, पण ती त्याच संध्याकाळी लागली पाहिजे.

सूचना चार ओळींची असावी आणि तिच्यावरून गिऱ्हाइकाला स्वयंपाकघरात उभं राहून आपलं पाकीट ओळखता आलं पाहिजे. मालाचं नाव, वजन, बॅच नंबर, संपलेली तारीख, कधीपासून कधीपर्यंत विकला आणि ‘वापरू नका, परत आणा, पैसे परत मिळतील’. तारीख तुम्ही काढून द्या. पुष्कळ पाकिटांवर उत्पादनाची तारीख एका कोपऱ्यात असते आणि ‘उत्पादनापासून अमुक महिने’ दुसरीकडे. हा हिशेब गिऱ्हाइकावर सोपवू नका. स्टिकर लावला असेल तर स्टिकरचा रंगही लिहा, कारण घरातल्या आजींना बॅच नंबर सापडणार नाही, पण पिवळा स्टिकर दिसेल.

बाळांच्या सीरियलसाठी मात्र कागदावर विसंबू नका. चारपैकी तीन डबे गेले होते. असा माल बहुधा नेहमीच्याच घरांत जातो आणि उधारीच्या वहीत त्याची नोंद असते. वही काढा, त्या रात्रीच घरी जा किंवा फोन करा आणि डबा बाजूला ठेवायला सांगा. डब्यावर लिहिलेल्या जीवनसत्त्वांची हमी त्या तारखेपर्यंतचीच असते, आणि बाळाचं अर्धं पोट त्यावर भरत असतं. बेसन खवट झालं तर मोठ्या माणसाला चवीवरून कळतं. सहा-सात महिन्यांचं बाळ काय सांगणार?

दुसरी पायरी: उरलेला माल मोजा, पण फेकू नका

पकडलं गेल्यावर पहिली उबळ येते ती सगळं गोणीत भरून गावाबाहेर टाकण्याची. तसं करू नका. एक तर पुरावा नष्ट केल्यासारखं दिसतं. दुसरं, पत्रात जे आकडे लिहायचे आहेत ते या ढिगातूनच निघणार आहेत. उरलेला माल वेगळ्या खोक्यात घाला, खोक्यावर ‘विक्रीसाठी नाही’ असं ठळक लिहा, तारखा दिसतील असे फोटो काढा आणि खोकं गोदामात बंद ठेवा. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार गेली असेल तर तिथल्या अधिकाऱ्याला विचारल्याशिवाय त्याची विल्हेवाट लावू नका. पुढे नष्ट करायची वेळ आली की पाकिटं फाडून, माल बाहेर काढूनच करा. बंद पाकिटं भंगारात गेली की नवी तारीख लावून पुन्हा बाजारात येऊ शकतात. आणि कृपा करून तो माल कुठल्या आश्रमाला किंवा मजुरांच्या वस्तीत दान देऊ नका. असं करणारे आहेत, म्हणून लिहिलं.

आता मोजणी. आपल्या प्रकरणात ३० जोड्या बांधल्या होत्या, सात उरल्या. म्हणजे २३ जोड्या, ४६ पाकिटं विकली गेली. सीरियलचा एक डबा उरला, तीन गेले. हे पक्के आकडे. पण १ ते ४ नोव्हेंबर या चार दिवसांचं काय? मुदत ३१ ऑक्टोबरला संपली आणि जोड्या ५ तारखेला बांधल्या. मधल्या दिवसांत काही सुटी पाकिटं गेली असणार, आणि दुकानात बिलिंग मशीन नसल्याने ती किती हे कोणालाच सांगता येणार नाही. अशा वेळी सोयीचा आकडा घालू नका. ‘या चार दिवसांतही काही पाकिटं विकली गेली, नक्की किती ते माझ्याकडे लिहिलेलं नाही’ असं लिहा. गिऱ्हाईक आकड्याची कमतरता समजून घेतं. पण एक आकडा खोटा निघाला की सगळं पत्र खोटं ठरतं.

मोजताना बाकीच्या फळ्याही तपासून घ्या. पत्र लागल्यावर दुसऱ्याच दिवशी कोणी तरी मसाल्याचं जुनं पाकीट शोधून काढलं, तर दुसरं पत्र लिहायला तोंड उरत नाही.

तिसरी पायरी: वकिलाला भेटा, पण काय विचारायचं ते ठरवून जा

अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ च्या कलम २७ मध्ये विक्रेत्याची जबाबदारी सरळ शब्दांत दिली आहे: मुदत संपल्यावर विकलेल्या अन्नपदार्थाला विकणारा जबाबदार. ‘आम्हाला असाच आला’ हे तिथे चालत नाही. माल असुरक्षित ठरला तर कोणाला इजा झाली नसली तरी कलम ५९ खाली कैद आणि दंड होऊ शकतो, आणि इजा झाली तर भरपाईची वेगळी तरतूद आहे. शिवाय ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे गिऱ्हाईक जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतं. माफीपत्राने यातलं काहीही टळत नाही, हे आधीच समजून घ्या. उलट सही करून दिलेली कबुली तुमच्याविरुद्ध दाखवली जाऊ शकते.

म्हणून वकील बहुतेक वेळा सांगेल, ‘मला माहीत होतं’ हे वाक्य काढा. तो त्याचं काम करतो आहे, त्यात चूक नाही. पण ते वाक्य काढलं की राहतं काय? ‘अनवधानाने’, ‘तांत्रिक कारणाने’, ‘नजरचुकीने’. जिने स्वतःच्या नखाने स्टिकर खरवडला, त्या बाईंना तुम्ही नजरचूक सांगणार? माझं मत स्पष्ट आहे. जाणीव होती हे लिहायची तयारी नसेल, तर माफीपत्र लिहू नका. फक्त माल परत मागवण्याची सूचना ठेवा, पैसे द्या आणि गप्प बसा. ते अपुरं असेल, पण खोटं तरी नसेल. अर्धी कबुली दिलेलं पत्र दोन्हीकडून मारतं: कायद्यापुढे ते वापरलं जाऊ शकतं आणि गिऱ्हाईकही मानत नाही.

लिहायचं ठरलं असेल तर वकिलाला दोनच गोष्टी विचारा. एक, मसुद्यात घडलेल्या गोष्टीपेक्षा जास्त काही कबूल केलं गेलं आहे का? घाबरलेला माणूस ‘मी तुमच्या जिवाशी खेळलो, कोणाला काहीही झालं तरी मी जबाबदार’ असंही लिहून जातो. जे घडलं तेवढंच लिहायचं. दुसरं, तक्रार आधीच दाखल असेल तर पत्र लावण्यापूर्वी अधिकाऱ्याला कळवायचं का. बहुतेकदा कळवलेलं बरं.

चौथी पायरी: सुरुवात कृत्याने करा

आता लिहायला बसा. दुकानाच्या लेटरहेडवर, पहिल्याच वाक्यात काय केलं ते आलं पाहिजे. ‘गेली पंचवीस वर्षं आम्ही आपल्या सेवेत आहोत’ ही सुरुवात पुष्कळांना सुचते, कारण जाहिरातीत, दिवाळीच्या शुभेच्छांत तेच लिहायची सवय असते. इथे ती उलटी लागते. पंचवीस वर्षं विश्वास ठेवला म्हणूनच कोणी तारीख बघितली नाही.

पहिलं वाक्य लिहिताना कर्ता बघा. ‘मुदत संपलेला माल विकला गेला’ यात विकणारा गायब आहे. ‘मी विकला’ असं लिहा. दुकान दोघा भावांचं असलं आणि दोघांना ठाऊक असलं तर ‘आम्ही दोघांनी’. काउंटरवरच्या पोराचं नाव कुठेही येता कामा नये. स्टिकर त्याने लावले असले तरी लावायला कोणी सांगितलं? मालकाच्या पत्रात नोकराचा उल्लेख आला की वाचणारा तिथेच थांबतो.

त्यानंतर माहीत कसं होतं ते. नुसतं ‘जाणूनबुजून’ हा शब्द पुरत नाही, कारण तो कोणीही टाकू शकतो. कधी कळलं आणि मग काय केलं, हे क्रमाने लिहा. आपल्या दुकानदाराला माल उचलतानाच तारीख ठाऊक होती, ती झाकायला त्याने स्टिकर लावला. स्टिकरचं वाक्य लिहिताना हात अडखळेल. पत्रातलं तेच सर्वांत महत्त्वाचं वाक्य आहे, कारण गिऱ्हाइकाला राग जुन्या बेसनाइतकाच त्या झाकण्याचा आलेला असतो. ते वगळलं तर बाकी कितीही नम्र लिहा, लोक म्हणणार, ‘स्टिकरचं काय?’

कारण द्यायचं का? एक वाक्य द्या, त्याहून जास्त नाही. ‘माल पडून राहिला असता तर माझं नुकसान झालं असतं’ हे खरं आहे आणि पुरेसं आहे. होलसेलवाल्याने परत घेतला नाही, मॉलमुळे धंदा बसला, घरात आजारपण होतं, हे सगळं खरं असू शकतं. पण पत्रात ते आलं की माफी मागता मागता तुम्ही सहानुभूती मागू लागता. कोणी समोर येऊन विचारलं तर तोंडी सांगा.

आणखी तीन वाक्यं मसुद्यात हमखास घुसतात, ती शोधून काढून टाका. ‘कोणाला त्रास झाला असल्यास क्षमस्व’: त्रास झाला की नाही हे बाजूलाच, फसवणूक तर झालीच आहे, तिथे ‘असल्यास’ कशाला? ‘सुदैवाने कोणालाही काही झालेलं नाही’: तुम्हाला हे कसं ठाऊक? तुम्ही २३ घरांत जाऊन विचारलंत का? आणि ‘बेसन मुदतीनंतरही महिनाभर चांगलं राहतं’. हे शेवटचं फार मोहात पाडतं, कारण तारखेच्या दुसऱ्या दिवशी पीठ विष होत नाही हे खरंच आहे. पण पाकिटावरच्या ‘बेस्ट बिफोर’मध्ये चव आणि दर्जाची गोष्ट असते, आणि ‘एक्सपायरी’ किंवा ‘यूज बाय’ म्हणजे त्यानंतर खाऊ नका, विकू नका. २०२० च्या लेबलिंग नियमांनी पाकिटावर एक्सपायरी छापणं बंधनकारक केलं आहे. बेसनात ओलावा शिरलेला असू शकतो, जाळी धरलेली असू शकते, तेल उतरून ते खवट झालेलं असू शकतं, आणि वासाला ठीक वाटलं म्हणजे ठीक असेलच असंही नाही. तो निर्णय घेण्याचा हक्क गिऱ्हाइकाचा होता. तुम्ही तारीख झाकून तो घेतलात.

पाचवी पायरी: पैशांचं कलम

आपल्या प्रकरणातला हिशेब बघा. २३ जोड्या, ६० रुपयांप्रमाणे १,३८० रुपये. सीरियलचे तीन डबे, २९० प्रमाणे ८७०. एकूण २,२५०, अधिक त्या चार दिवसांतली सुटी पाकिटं. सगळं प्रकरण एवढ्या रकमेचं आहे. त्यामुळे इथे घासाघीस करणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.

गावच्या दुकानात बिल कोणाकडेच नसतं, म्हणून बिलाची अट घालू नका. पाकीट अर्धं संपलेलं असेल, पीठ डब्यात ओतून पाकीट फेकून दिलेलं असेल, तरी पैसे द्या. कोणी तरी एखादा फुकट साठ रुपये घेऊन जाईल, जाऊ द्या. जोडीतलं एक पाकीट वापरलं आणि एक परत आणलं, तर ‘ते मोफतवालं होतं’ असं म्हणणारा दुकानदार गावात वर्षभर चेष्टेचा विषय होईल. पूर्ण साठ द्या.

रोख द्या, नाहीतर ज्याने यूपीआयने दिले त्याला तसेच परत पाठवा. ‘पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट’ देऊ नका. ती माफीच्या आडून केलेली जाहिरात होते, आणि ज्याला तुमच्याकडे पुन्हा यायचंच नाही त्याला ती शिक्षाच. उधारीच्या खात्यावर ज्यांनी नेलं आहे, त्यांची वाट बघू नका. वहीत रक्कम वजा करा आणि त्यांना कळवा. साठ रुपयांसाठी दुकानात येऊन मागायला लोक लाजतात, विशेषतः ज्यांची तुमच्याकडे उधारी थकली आहे ते.

पैसे देताना एका वहीत तारीख, माल, रक्कम आणि सही घ्या. पण त्या सहीच्या वर ‘यापुढे माझी कोणतीही तक्रार नाही’ असलं वाक्य छापून ठेवू नका. ते गिऱ्हाइकाच्या लगेच लक्षात येतं आणि सगळ्यावर पाणी पडतं.

कोणाची तब्येत बिघडली असेल त्यांच्यासाठी पत्रात वेगळा परिच्छेद हवा. आधी डॉक्टरांना दाखवा, पाकीट जपून ठेवा, खर्चाचं मी बघतो, आणि तक्रार करायची असेल तर कुठे करायची. हो, तक्रारीचा पत्ता तुम्हीच द्यायचा. जिल्ह्याचं अन्न व औषध प्रशासनाचं कार्यालय आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर. तो आज ना उद्या कोणी तरी देणारच आहे. तुम्ही दिलात तर लपवायला काही उरलं नाही एवढं तरी लोकांना दिसेल.

पत्र

वरचं सगळं एकत्र केलं की आपल्या दुकानदाराचं पत्र असं होतं. तुमचं तुमच्या शब्दांत लिहा, हे उतरवून घेऊ नका. तालुक्याच्या गावात दोन दुकानांवर सारखंच माफीपत्र लागलं तर काय होईल याची कल्पना करा.

> (दुकानाचं नाव, पत्ता, फूड लायसन्स किंवा नोंदणी क्रमांक, तारीख)
>
> आमच्या सर्व गिऱ्हाइकांस नमस्कार.
>
> ५ ते २२ नोव्हेंबर या काळात मी मुदत संपलेलं बेसन आणि बाळांचं सीरियल आपल्याला विकलं. मुदत संपली आहे हे मला माहीत होतं.
>
> बेसनाची मुदत ३१ ऑक्टोबरला संपली. माल घेतानाच मी ती तारीख पाहिली होती. दिवाळीनंतर पाकिटं उरली, तेव्हा ‘एकावर एक मोफत’ असे पिवळे स्टिकर मी तारखेवर लावून घेतले, म्हणजे ती दिसू नये. सीरियलची मुदत सप्टेंबरअखेर संपली होती. त्या डब्यांच्या तारखेवर मी किमतीची चिठ्ठी लावली. माल पडून राहिला तर माझं नुकसान होणार होतं, म्हणून मी हे केलं. दुकानात काम करणाऱ्यांचा यात दोष नाही.
>
> बेसनाच्या २३ जोड्या आणि सीरियलचे तीन डबे विकले गेले. १ ते ४ नोव्हेंबर या दिवसांत बेसनाची काही सुटी पाकिटंही गेली, ती किती याची नोंद माझ्याकडे नाही. दोन्ही मालांचे बॅच नंबर खाली दिले आहेत. सीरियल ज्यांनी नेलं त्या तिन्ही घरी मी जाऊन आलो आहे.
>
> हा माल घरात असेल तर वापरू नका, कोणाला देऊ नका, जनावरांनाही घालू नका. पैसे परत घेऊन जा. बिल नको, पाकीट नसलं तरी चालेल. ज्यांनी खात्यावर नेलं त्यांच्या खात्यातून मी रक्कम वजा केली आहे. यायला जमत नसेल तर फोन करा, पैसे घरी पोहोचवतो.
>
> हे खाऊन कोणाला त्रास झाला असं वाटत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा आणि पाकीट ठेवून द्या. तपासणीचा आणि औषधाचा खर्च मी देईन. माझ्याविरुद्ध तक्रार करायची असेल तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात किंवा १९१५ या नंबरवर करता येईल. तक्रार केली म्हणून मी कोणाशी वाकडेपणा धरणार नाही.
>
> उरलेला माल विक्रीतून काढून कुलपात ठेवला आहे. यापुढे दुकानात कुठल्याही पाकिटाच्या तारखेवर स्टिकर दिसणार नाही. दर सोमवारी सकाळी सगळ्या फळ्या तपासून त्याची वही काउंटरवर ठेवली जाईल, ती कोणीही उघडून पाहावी.
>
> आपण तारीख न बघता माझ्याकडून माल नेत होतात. त्याचाच मी फायदा घेतला. मी आपली माफी मागतो.
>
> (मालकाचं पूर्ण नाव, सही, मोबाइल नंबर)

माफी शेवटी आली आहे, हे मुद्दाम. आधी काय केलं, काय परत देणार हे कळल्यावर ती वाचली जाते. ‘उदार मनाने माफ करावे आणि पूर्वीप्रमाणेच लोभ असावा’ असं पत्रात कुठेही नाही. माफ करायचं की नाही, ते गिऱ्हाईक ठरवेल. आणि सोमवारच्या तपासणीचं वचन देण्याआधी तो सोमवार खरंच सांभाळता येईल का, हे घरात बोलून घ्या. बाजाराचा दिवस सोमवार असेल तर मंगळवार लिहा. गिऱ्हाइकाला पडताळून पाहता येतील अशी एक-दोनच वचनं द्या. ‘गुणवत्तेत तडजोड करणार नाही’ हे कोणालाच पडताळता येत नाही.

पत्र कुठे लावायचं आणि नंतर काय होतं

शटरवर, काउंटरवर आणि ज्या ग्रुपवर फोटो फिरला त्याच ग्रुपवर. शटरवरचं पत्र दुकान बंद असतानाही वाचता आलं पाहिजे, म्हणून आतल्या काचेवर नको. मोठ्या अक्षरात, मोठ्या कागदावर छापून घ्या. आजूबाजूला हिंदी बोलणारी मजूर कुटुंबं असतील तर पहिला आणि पैसे परतीचा भाग हिंदीतही लावा. स्वस्त ऑफरचा माल त्यांच्याकडेच जास्त गेलेला असण्याची शक्यता मोठी. ग्रुपवर टाकताना फोटो टाका आणि मजकूरही टाका, आणि खाली येणाऱ्या शिव्यांना उत्तरं देत बसू नका. ‘पैसे कधी मिळतील?’ यासारख्या प्रश्नांना तेवढी उत्तरं द्या.

पहिले दोन-तीन दिवस मालकानेच काउंटरवर बसायचं. मुलाला बसवून आपण गोदामात गेलात तर पत्राचा अर्थ उरत नाही. लोक येऊन ऐकवतील. काही म्हातारी मंडळी उलट समजूत घालतील, ‘जाऊ द्या शेठ, सगळेच करतात.’ त्यांना हो म्हणू नका. ‘सगळे करोत, मी करायला नको होतं’ एवढं म्हणून त्यांच्या हातात साठ रुपये ठेवा. शेजारच्या दुकानदाराला मात्र हे पत्र आवडणार नाही. आता सगळी गिऱ्हाइकं त्याच्याकडेही तारखा बघू लागतील.

अन्न सुरक्षा अधिकारी आला तर पत्राची प्रत, मोजणीचा कागद, खरेदीचं बिल आणि बंद खोकं दाखवा. पत्र लिहिलं म्हणून कारवाई होणार नाही असं गृहीत धरू नका आणि तसं त्याला सुचवूही नका.

पत्र किमान महिनाभर शटरवर राहू द्या. पावसाने भिजलं, कोणी फाडलं तर नवं लावा. महिन्याअखेर जे पैसे न्यायला कोणी आलंच नाही, ते आपल्या खात्यात परत घेऊ नका. वेगळ्या पाकिटात ठेवा आणि वहीत तशी नोंद करा. सहा महिन्यांनी एखादी बाई माहेरून परतून ते बेसन घेऊन आली, तर तिला तिथूनच द्या. पैसे परत केल्याची वही आणि मोजणीचे कागद निदान दोन वर्षं जपून ठेवा. ग्राहक आयोगाकडे तक्रार करायला तेवढी मुदत असते.